बेसनाच्या लाडवांसाठी बेसन भाजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसनाच्या लाडवाला जिन्नस मोजकेच लागतात आणि वळण्याचे कामही फारसे अवघड नाही. लाडू चांगला होणार की टाळ्याला चिकटणार, हे जवळजवळ संपूर्णपणे कढईतल्या अर्ध्या-पाऊण तासात ठरते. म्हणून येथे फक्त त्याच टप्प्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. सर्व प्रमाणे अर्धा किलो बेसनाच्या एका घाण्याची आहेत: ५०० ग्रॅम रवाळ बेसन, २५० ग्रॅम साजूक तूप आणि ३५० ग्रॅम पिठीसाखर. यात मध्यम आकाराचे २५-२६ लाडू होतात.

अर्धा किलो बेसन भाजायला किती वेळ लागतो?

मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत, तुपासह भाजल्यास ३५ ते ४० मिनिटे लागतात. कढई पातळ असेल, पीठ बारीक असेल किंवा आच थोडी मोठी असेल, तर हा वेळ पाच-सात मिनिटांनी इकडेतिकडे होतो. म्हणून घड्याळाचा उपयोग एवढाच धरावा, की २० मिनिटांतच भाजून झाले असे वाटले तर ते खरे मानू नये आणि २५ मिनिटांनंतर कढईपासून दूर जाऊ नये. केव्हा थांबायचे हा निर्णय मात्र नाकाने घ्यायचा असतो.

मंद आच म्हणजे नेमकी किती?

गॅसच्या लहान बर्नरवर ज्योत कढईच्या बुडाच्या मध्यभागापुरतीच राहील आणि कडांपर्यंत चढणार नाही, इतकी आच ठेवावी. याची सोपी खूण अशी, की ढवळणे क्षणभर थांबवून चार-पाच आकडे मोजले आणि मग उलथन्याने बूड खरवडले, तर खालचे पीठ वरच्याच रंगाचे निघाले पाहिजे. ते किंचितही गडद निघाले तर आच जास्त आहे.

मंद आचेचा आग्रह धरण्याचे कारण पिठाच्या स्वभावात आहे. कोरड्या दिसणाऱ्या बेसनातही साधारण दहा टक्के ओलावा असतो. तो आहे तोवर पिठाचे तापमान फारसे वर चढत नाही आणि खमंगपणा आणणारी क्रिया, म्हणजे डाळीतील प्रथिने आणि शर्करा यांचे उष्णतेने एकमेकांशी होणारे संयोग, वेग घेत नाही. मोठ्या आचेवर बुडालगतच्या कणांचा ओलावा झटकन उडून ते तांबूस होतात, पण वरचे कण अजून कच्चेच असतात. सगळे मिसळल्यावर एकूण रंग भाजल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात त्यात थोडे करपलेले आणि बरेचसे कच्चे पीठ असते. असा लाडू एकाच वेळी कडवट आणि पिठूळ लागतो.

सतत ढवळायचे म्हणजे अजिबात थांबायचेच नाही का?

पहिली दहा-बारा मिनिटे क्षणभराची विश्रांती चालते, कारण पीठ अजून थंड आणि ओलसर असते. त्यानंतर थांबू नये. ढवळण्याच्या वेगापेक्षा उलथने कोठून फिरते, हे अधिक महत्त्वाचे आहे. सपाट धारेचे उलथने किंवा लाकडी कालथा घ्यावा, तो बुडाला टेकवून पीठ मधून कडेकडे न्यावे आणि कडेचे पीठ परत मध्ये ओढावे. गोल चमचा नुसता वरवर फिरवला तर हात चालत राहतो आणि पीठ मात्र खाली लागते. कढईच्या कडेला जिथे बूड वळते, त्या वळणात पीठ हमखास अडकून राहते. दर चार-दोन फेऱ्यांनी तिथे मुद्दाम उलथने फिरवावे.

मध्यंतरात मिश्रण फार जड होते आणि हात भरून येतो. त्या वेळी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती उलथने द्यावे, पण आच वाढवून काम लवकर उरकण्याचा मोह टाळावा.

भाजताना पिठात कोणकोणते बदल होतात?

एक घाणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. कढईत २५० ग्रॅमपैकी साधारण २०० ग्रॅम तूप वितळवले, त्यात ५०० ग्रॅम बेसन घातले आणि घड्याळ लावले.

पहिल्या पाच मिनिटांत तूप जणू नाहीसे होते. पीठ ते शोषून घेते, ओलसर वाळूसारखे दिसते आणि त्याच्या गुठळ्या होतात. त्या उलथन्याच्या पाठीने कढईवर दाबून मोडाव्यात. वास कच्च्या डाळीचा असतो, गिरणीतून नुकतेच दळून आणलेल्या पिठाच्या पिशवीत नाक घातल्यावर येतो तसा.

दहाव्या ते पंधराव्या मिनिटापर्यंत मिश्रण एकजीव पण जड असते, आणि उलथने ओढताना जोर लागतो. अनेकजण येथे घाबरून आणखी तूप घालतात. ते घालू नये. तूप कमी पडलेले नसते, पीठ अजून तापायचे असते.

विसाव्या मिनिटाच्या सुमारास हाताला फरक जाणवतो. तेच मिश्रण हलके होते, उलथन्यावरून सहज घसरते आणि कढई सोडू लागते. ओलावा बराचसा उडाल्यामुळे कण एकमेकांना धरून राहत नाहीत आणि तापून पातळ झालेले तूप त्यांच्यामधून मोकळे वाहते. यालाच आपल्याकडे ‘तूप सुटले’ असे म्हणतात. राखून ठेवलेले ५० ग्रॅम तूप या वेळी घालावे. कच्चा वास आता गेलेला असतो, पण त्याच्या जागी ठाम असे काही आलेले नसते. उकडलेल्या डाळीसारखा, सौम्य, किंचित गोडसर वास येतो.

पंचविसाव्या ते तिसाव्या मिनिटात मिश्रण चकाकते आणि त्यावर बारीक फेसासारखे बुडबुडे दिसतात. रंग फिक्या पिवळ्यावरून सोनेरीकडे झुकतो. फुटाण्याच्या गाड्यावरून जाताना येणाऱ्या वासाची आठवण होईल असा भाजका वास उठू लागतो, पण तो कढईवर वाकल्यावरच येतो.

पस्तिसाव्या मिनिटापासून पुढे हा वास कढई सोडून घरभर पसरतो. रंग बदामी होतो, मिश्रण पळीतून जाडसर धारेने सांडेल इतके सैल होते. येथून पुढे बदल झपाट्याने होतात: आधीच्या दहा मिनिटांत जेवढा फरक पडला, तेवढा आता दोन मिनिटांत पडतो.

तूप घातल्याबरोबर छान वास येतो. तो भाजल्याचा वास नसतो का?

नाही, तो तुपाचा वास असतो. गरम साजूक तूप स्वतःच सुगंधी आहे आणि पहिल्या सात-आठ मिनिटांत तेच नाकाला जाणवते. फसगत बहुतेक वेळा येथेच होते. फरक ओळखण्यासाठी उलथन्यावर थोडे पीठ घेऊन ते कढईपासून दूर न्यावे, अर्धे मिनिट निवू द्यावे आणि मग वास घ्यावा. तुपाचा वास निवल्यावर पुष्कळ कमी होतो आणि खाली दडलेला डाळीचा कच्चटपणा स्पष्ट कळतो. पीठ खरोखर भाजलेले असेल तर निवल्यावरही त्याचा खमंगपणा टिकून राहतो.

बेसन तयार झाल्याचा वास नेमका कसा असतो?

भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे यांच्या वासाच्या जवळचा, त्यात तुपाचा गोडवा मिसळलेला, आणि कच्च्या डाळीचा मागमूसही नसलेला असा तो वास आहे. शब्दांत याहून जवळ जाणे कठीण आहे, परंतु तो ओळखण्याची एक रीत खात्रीची आहे.

अर्धा तास कढईसमोर उभे राहिल्यावर आपल्या नाकाला त्या वासाची सवय होते आणि तो वाढत असूनही वाढल्याचे कळत नाही. म्हणून तिसाव्या मिनिटानंतर एकदा-दोनदा उलथने दुसऱ्याच्या हाती द्यावे किंवा अर्ध्या मिनिटापुरता गॅस बंद करावा, गॅलरीत किंवा अंगणात जाऊन मोकळ्या हवेत चार श्वास घ्यावेत आणि परत यावे. स्वयंपाकघराच्या दारातच खमंग वास भेटला, तर पीठ झाले आहे किंवा होण्याच्या अगदी बेतात आहे. वाकून शोधावा लागला, तर अजून पाच मिनिटे आहेत. आमच्या घरी बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाने आपणहून ‘लाडू करताय का?’ असे विचारले, की गॅस बंद करण्याची वेळ झाली असे मानतात, आणि ही परीक्षा सहसा चुकत नाही, कारण त्या माणसाचे नाक ताजे असते.

पुढची पायरीही माहीत असावी. खमंग वासात तिखटसर, नाकाला टोचणारी छटा आली, कॉफीच्या बिया जास्त भाजल्यावर येते तशी, तर मर्यादा ओलांडली गेली आहे. त्या क्षणी कढईतले पीठ ताबडतोब परातीत काढावे.

वासाऐवजी रंगावर अवलंबून राहिले तर चालेल का?

रंगाची साक्ष दुय्यम धरावी, कारण मुळात प्रत्येक बेसनाचा रंग वेगळा असतो. काही डाळ फिकी, काही गर्द पिवळी असते. गाईचे तूप पिवळसर असल्याने तेही रंगात भर घालते. शिवाय दिव्याचा प्रकाश फसवतो. एका दिवाळीला मी रात्री पिवळ्या दिव्याखाली बेसन भाजले आणि सुरेख सोनेरी दिसते म्हणून २२ मिनिटांत उतरवले. सकाळी उजेडात लाडू फिकट पिवळे दिसले आणि पहिल्याच घासाला टाळ्याला चिकटले. वास मी घेतला होता, पण तो तुपाचा होता. तेव्हापासून निवलेल्या पिठाचा वास घेतल्याशिवाय मी गॅस बंद करत नाही.

रंग पाहायचाच असेल तर सुरुवातीला चमचाभर कच्चे बेसन पांढऱ्या बशीत काढून ठेवावे आणि भाजलेले पीठ त्याच्या शेजारी ठेवून तुलना करावी. एकट्या रंगापेक्षा दोहोंतला फरक अधिक खरे सांगतो.

चव घेऊन पाहिल्यास कळते का?

होय, आणि शंका असेल तेव्हा घ्यावीच. चिमूटभर पीठ पूर्ण निववून जिभेवर ठेवावे आणि टाळ्याला दाबावे. कच्चे पीठ लगद्यासारखे चिकटून बसते. भाजलेले पीठ विरघळल्यासारखे पसरते आणि बारीक रवाळ कण जाणवतात. गरम पीठ चाखू नये. तुपात भाजलेले पीठ पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेले असते आणि जीभ वाईट पोळते.

बेसन आधी कोरडे भाजून मग तूप घालावे, की तुपातच भाजावे?

दोन्ही रीती घरोघरी आहेत. तूप प्रत्येक कणापर्यंत उष्णता सारखी पोहोचवते, म्हणून नवशिक्यांनी तुपातच भाजावे असे माझे मत आहे. कोरडे भाजताना पिठाच्या खालच्या थरावर सगळी आच पडते आणि ढवळण्यात जराही हयगय चालत नाही. मात्र कोरडे भाजण्याचा एक फायदा आहे: पहिली आठ-दहा मिनिटे तुपाच्या वासाचा पडदा नसतो, त्यामुळे डाळीचा कच्चा वास कसा कमी होत जातो हे शिकता येते.

सगळे तूप एकदम न घालण्याचे कारण असे, की प्रत्येक पिठाची तूप घेण्याची क्षमता थोडी वेगळी असते आणि तूप सुटल्यानंतरच ती कळते. आधीच सगळे ओतले आणि जास्त झाले, तर लाडू वळल्यावर बसतात, म्हणजे खालून चपटे होतात.

बारीक दळलेले बेसन वापरले तर काय बदलते?

भज्यांचे बारीक बेसन लवकर तांबूस होते, साधारण २५ ते ३० मिनिटांत, आणि खाली लागण्याचा धोका वाढतो. त्याचा लाडू मऊ पण चिकट होतो. गिरणीत हरभऱ्याची डाळ देताना ‘लाडवासाठी रवाळ’ असे सांगावे. परदेशात किंवा जिथे बारीकच मिळते तिथे ५०० ग्रॅम बेसनाला ३-४ चमचे बारीक रवा तुपात आधी गुलाबीसर भाजून मग बेसन घालावे. दातांखाली कण येतो. बेसन जुने असेल तर आधी त्याचा वास पाहावा. खवट झालेले पीठ कितीही भाजले तरी खमंग होत नाही.

शेवटी दुधाचा हबका का मारतात? तो आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, पण पीठ बारीक असेल तर त्याचा उपयोग होतो. भाजणे पूर्ण झाल्यावर गॅस बंद करून, पीठ चांगले गरम असतानाच, दोन मोठे चमचे दूध हाताने शिंपडतात. दूध पडताच वाफ होऊन मिश्रण फसफसते, कण फुलतात आणि काही एकमेकांना धरून दाणेदार होतात. चेहरा मागे ठेवावा आणि लगेच जोरात ढवळावे. फेस बसल्यावर पुन्हा दोन-तीन मिनिटे मंद आचेवर परतून ओलावा उडवावा, नाहीतर लाडू लवकर खराब होतात. गुजरातेत मगज ही बेसनाची मिठाई करताना दूध आणि तूप चोळून पिठाला ‘धाबो’ देतात आणि मग ते चाळून भाजतात. तिथे उद्देश हाच असतो, फक्त काम भाजण्याआधी उरकलेले असते.

कच्च्या पिठावर हबका मारू नये. फसफसणे दिसते, पीठ फुललेसे वाटते आणि भाजणे अपुरे असल्याचे झाकले जाते.

गॅस बंद केला की काम संपले का?

जाड कढईची धग पुढची पाच-सात मिनिटे पीठ भाजत राहते. म्हणून हवा तसा वास येण्याच्या किंचित आधी गॅस बंद करावा आणि ढवळणे चालू ठेवावे, किंवा वास पूर्ण आल्यावर पीठ लगेच परातीत पसरावे. बिडाच्या किंवा पितळी कढईत मी पहिली रीत वापरते, पातळ स्टीलच्या कढईत दुसरी. कॉइलच्या विजेच्या शेगडीवर बटण बंद करूनही आच उरते, तिथे कढई शेगडीवरून उचलावीच लागते.

इंडक्शन आणि मायक्रोवेव्हमध्ये बेसन भाजता येते का?

बऱ्याचशा इंडक्शन शेगड्या कमी आचेवर सतत मंद न तापता थांबून-थांबून जोरात तापतात. त्यामुळे बूड जाडच हवे आणि तापण्याच्या क्षणी हात थांबता कामा नये. मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या खोल भांड्यात तूप-बेसन कालवून दर मिनिटा-दीड मिनिटाने बाहेर काढून तळापासून ढवळावे लागते. पीठ भाजले जाते, पण वास सलग वाढताना कळत नाही, प्रत्येक वेळी दार उघडल्यावर एकदम समोर येतो. शेवटच्या फेऱ्या म्हणून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्याच ठेवाव्यात.

एक किलोचा घाणा एकदम घेतला तर वेळ दुप्पट लागतो का?

दुप्पट नाही, साधारण दीडपट लागतो. पण ढवळण्याचे श्रम दुपटीहून जास्त होतात आणि मधले पीठ नीट फिरत नाही. घरगुती कढईत अर्ध्या-अर्ध्या किलोचे दोन घाणे करावेत.

साखर घालण्याची वेळ भाजण्यावर अवलंबून असते का?

असते. नीट भाजलेले पीठ बराच वेळ गरम राहते. बोट सहज ठेवता येईल इतके ते कोमट झाल्यावरच पिठीसाखर मिसळावी. गरम पिठात साखर विरघळते, मिश्रण पातळ होते आणि लाडू वळता येत नाहीत. वेलची आणि जायफळाची पूडही तेव्हाच घालावी. आधी घातल्यास तिचा वास बेसनाच्या वासावर चढतो आणि पारख करता येत नाही.

पीठ कच्चे राहिले किंवा करपले, तर दुरुस्ती करता येते का?

साखर घालण्यापूर्वी कच्चेपणा लक्षात आला तर काहीच बिघडलेले नाही. पीठ पुन्हा कढईत घालून मंद आचेवर हवा तसा वास येईपर्यंत परतावे. पहिल्या वेळेपेक्षा लवकर होते, कारण ओलावा आधीच गेलेला असतो. साखर मिसळल्यानंतर मात्र ते मिश्रण गॅसवर ठेवू नये, कारण साखर वितळून खाली लागते. अशा वेळी १०० ग्रॅम बेसन वेगळे, थोडे जास्त खमंग भाजून, निववून त्यात मिसळले तर चिकटपणा बराच झाकला जातो, पूर्ण जात नाही.

करपलेल्या पिठाला उपाय नाही. फक्त बुडाशी काळे कण दिसले आणि वरच्या पिठाला कडवट वास नसेल, तर बूड न खरवडता वरचे पीठ दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि मोठ्या चाळणीने चाळावे. कडवट वास सगळ्या पिठाला लागला असेल तर त्यात साखर आणि वेलची घालून पाहू नये. तो वास लाडवात दुसऱ्या दिवशी अधिकच जाणवतो, आणि साखर व वेलचीही वाया जाते.